आईवडिलांना दरमहा पैसे पाठवण्यावरून होणारी भांडणं : कोणत्या क्रमाने सोडवायची

नवरा-बायकोपैकी एकजण आपल्या आईवडिलांना दर महिन्याला पैसे पाठवतो आणि त्यावरून घरात वाद होतात. बहुतेक जोडपी हा वाद सोडवायला बसली की पहिलं वाक्य रकमेबद्दल असतं: "इतके कशाला?" किंवा "इतके तरी नकोत का?" दहा मिनिटांत पैसा बाजूला पडतो आणि कोण कोणाच्या घरचं, कोणाला कोणाची पर्वा, इथे गाडी येते. पुढच्या महिन्यात पैसे पाठवायची तारीख आली की तेच पुन्हा. बोलण्याची इच्छा दोघांनाही असते. चुकतो तो क्रम. रक्कम ठरवायचा टप्पा बऱ्याच नंतर येतो. त्याआधीची कामं केली नसतील तर कुठलीही रक्कम टिकत नाही.

खाली पैसे पाठवणाऱ्याला 'पाठवणारा' आणि त्याच्या जोडीदाराला 'दुसरा' म्हटलं आहे. यात बाई-पुरुष कुणीही असू शकतं. एक उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. ते कुठल्याही चलनात बसावं म्हणून घरात महिन्याला एकूण १०० येतात असं धरलं आहे: तिचे ४५, त्याचे ५५. ती आईवडिलांना दरमहा ८ पाठवते आणि त्यावरून भांडणं होतात.

## १. भांडण नेमकं कशावर आहे ते आधी वेगवेगळं लिहा

हे काम एकत्र बसून करायचं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे, आपापल्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

पहिला प्रश्न: ही रक्कम उद्यापासून निम्मी झाली तर माझा राग जाईल का?

दुसरा प्रश्न: रक्कम आहे तेवढीच राहिली, पण ती ठरवताना मला विचारलं गेलं असतं, तर माझा राग जाईल का?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर प्रश्न खरोखर पैशाच्या ओढाताणीचा आहे आणि तो हिशोबाने सुटतो. पहिल्याचं 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल तर तक्रार निर्णयातून वगळलं जाण्याची आहे. अशा वेळी पाठवणारा समजूत म्हणून रक्कम कमी करतो आणि दुसरा तरीही धुमसत राहतो. मग पाठवणाऱ्याला वाटतं, काहीही केलं तरी हिला किंवा ह्याला पुरत नाही. प्रत्यक्षात जे मागितलं होतं ते दिलंच गेलेलं नसतं.

दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर राग पैशावर नाहीच. सासू-सासऱ्यांशी जुनं काही दुखलेलं आहे, किंवा आपल्या आईवडिलांना कधी असं काही पाठवता आलं नाही याची बोच आहे. ते आधी तोंडाने बोला. अंदाजपत्रकाने ते भरून निघणार नाही.

हेच दोन प्रश्न पाठवणाऱ्याने थोडे फिरवून स्वतःला विचारावेत. रक्कम कमी झाली तर आईवडिलांची अडचण होईल, की मला अपराधी वाटेल? दोन्ही खरं असू शकतं, पण दोन्हींवर उपाय वेगळा आहे. आईवडिलांची अडचण मोजता येते. अपराधीपणा मोजता येत नाही, म्हणून तो कितीही रक्कम खाऊन टाकतो.

तपासा: तुमच्या कागदावर जोडीदाराच्या स्वभावाबद्दल वाक्य असेल ('तिला माझी माणसं नकोच आहेत', 'तो आईच्या मुठीत आहे') तर ते खोडा आणि त्या जागी घडलेला एक प्रसंग लिहा. प्रसंगावर बोलता येतं, स्वभावावर फक्त भांडता येतं.

## २. बारा महिन्यांचा खरा आकडा काढा

हे पाठवणाऱ्याने करायचं काम आहे आणि ते अर्धवट केलं तर पुढचं सगळं वाया जातं. आपण दरमहा किती पाठवतो हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं, पण वर्षभरात प्रत्यक्षात किती गेलं हे जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. लबाडी नसते त्यात. ठरलेली रक्कम 'पाठवलेले पैसे' म्हणून लक्षात राहते आणि बाकीचं 'तेव्हा गरज होती' म्हणून विसरलं जातं.

मागच्या बारा महिन्यांची बँकेची विवरणं काढा आणि आईवडिलांच्या नावाने शोधा. मग भावंडांच्या नावाने शोधा, कारण पैसे अनेकदा त्यांच्यामार्फत जातात. मग फोनवरून भरलेली त्यांची बिलं आणि रिचार्ज पाहा. शेवटी ऑनलाइन खरेदीच्या खात्यात जाऊन आईवडिलांच्या पत्त्यावर काय काय पोचलं ते बघा. ही शेवटची जागा हमखास राहून जाते. रोख दिलेलं आठवून लिहा. नक्की आठवत नसेल तर अंदाज जास्तीच्या बाजूने धरा.

आपल्या उदाहरणात तिने हे केलं तेव्हा असं निघालं: ठरलेले ८ दरमहा म्हणजे वर्षाचे ९६. वडिलांच्या दुखण्यासाठी तीन वेळा मिळून १८. त्यांचा फोन बिघडला म्हणून ६. धाकट्या भावाच्या शिक्षणाची फी १२. जाण्या-येण्यात आणि भेटवस्तूंत १२. एकूण १४४, म्हणजे महिन्याला ८ नव्हे तर १२.

या चारच्या फरकातच त्यांच्या भांडणाचं मूळ होतं. त्याचा हिशोब असा: घरखर्च ५२, कर्जाचे हप्ते १४, दोघांचे हातखर्चाचे प्रत्येकी ६, तिच्या आईवडिलांचे ८, म्हणजे १४ शिल्लक पडायला हवेत. पडत होते १०. चार कुठे जातात ते त्याला दिसत नव्हतं आणि काहीतरी लपवलं जातंय एवढंच जाणवत होतं. तिच्या मते ती काहीच लपवत नव्हती, कारण प्रत्येक खर्चाच्या वेळी त्यामागे खरं कारण होतं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असताना हे झालं होतं.

सावधान: हा आकडा निघाला की तो लगेच, रागाच्या किंवा भीतीच्या भरात जोडीदाराला सांगू नका. आणि दाबूनही ठेवू नका. तो चौथ्या टप्प्यात, पूर्ण कागदासह पुढे ठेवायचा आहे.

## ३. आईवडिलांना खरोखर किती कमी पडतं ते विचारा

हे संभाषण पाठवणाऱ्याने एकट्याने करायचं. जोडीदार शेजारी बसलेला असेल तर आईवडील एकतर संकोचाने कमी सांगतात किंवा अपमान वाटून विषयच बंद करतात.

'तुम्हाला किती पुरतील?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'तुला जमेल तेवढं' असंच येतं आणि मग तुम्ही अंदाजाने, बहुधा चिंतेपोटी, जास्तच धरता. त्याऐवजी खर्चाबद्दल एकेक विचारा: घर चालवायला किती, औषधं किती, कुठला हप्ता चालू आहे का आणि कधी संपतो, कुणाला उसने परत करायचे आहेत का. मग उत्पन्न विचारा. निवृत्तिवेतन, भाडं, व्याज, दुसरं कुणी देत असेल तर तेही.

तिने विचारलं तेव्हा चित्र असं होतं: घरखर्च ९, औषधं ३, एक जुना हप्ता २, किरकोळ २, मिळून १६. उत्पन्न निवृत्तिवेतनाचे ७ आणि एका खोलीच्या भाड्याचे २, मिळून ९. दरमहा तूट ७. ती ८ पाठवत होती, म्हणजे नियमित रक्कम जवळपास बरोबरच होती. तोल सुटत होता तो अचानक येणाऱ्या खर्चांमुळे आणि भावाच्या फीमुळे, ज्याबद्दल घरात कधी वेगळं बोलणंच झालं नव्हतं.

कधी कधी या टप्प्यावर कळतं की आईवडिलांना पैशाची गरज नाही, ते पाठवलेले पैसे तसेच बाजूला ठेवत आहेत. हेही उपयोगाचं उत्तर आहे. तेव्हा रक्कम म्हणजे मुलाने किंवा मुलीने जपलेलं नातं असतं, आणि ते छोट्या रकमेतही जपता येतं. उलटही होतं: तूट तुमच्या घराच्या ताकदीच्या दुप्पट निघते. मग पैसे वाढवून ती भरायचा प्रयत्न करू नका. त्यांचा खर्च किंवा राहण्याची सोय बदलणं, भावंडांत वाटणी, त्यांच्या मालमत्तेचा वापर, यावर बोलावं लागेल.

तपासा: कागदावर 'तूट' नावाचा एक आकडा आहे का? नसेल तर अजून चौथा टप्पा नको.

## ४. एकत्र बसा, पण आकडे शेवटी

वेळ आधी ठरवा. पैसे पाठवण्याच्या तारखेच्या आसपासचे दिवस टाळा, आणि आईवडिलांचा फोन नुकताच येऊन गेला असेल तेव्हाही नको. एक तास पुरतो. त्यात जमलं नाही तर उरलेलं दुसऱ्या दिवशी.

सुरुवात कशी होते याला फार महत्त्व आहे. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १९९९ मध्ये नवविवाहित १२४ जोडप्यांच्या वादाच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कोणती जोडपी विभक्त होतील याचा अंदाज संभाषणाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही येत होता, असं त्यात दिसलं. म्हणून पहिली वाक्यं आधी ठरवून या. 'तू नेहमी' किंवा 'तुझ्या घरचे' यांनी सुरू होणारं वाक्य नको.

क्रम असा ठेवा. आधी दुसऱ्याने पहिल्या टप्प्यातला आपला कागद वाचायचा आणि पाठवणाऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. मग पाठवणाऱ्याने आपला कागद वाचायचा. त्यानंतरच बारा महिन्यांचा हिशोब आणि तुटीचा कागद टेबलावर ठेवायचा. आकडे आधी ठेवले तर दुसरा हिशोबनीसाच्या भूमिकेत जातो, एकेक ओळ तपासू लागतो, आणि पाठवणाऱ्याला आपल्या आईच्या औषधांची चौकशी झाल्यासारखं वाटतं.

तिने १२चा आकडा दाखवला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मला वाटत होतं ते खरं होतं." ती म्हणाली, "हो, चार जास्त जात होते. मी कधी बेरीजच केली नाही." इथे थांबणं कठीण असतं, पण थांबावं. स्पष्टीकरण द्यायची घाई झाली की कबुलीही बचावासारखी ऐकू येते. दुसऱ्यानेही मागच्या वर्षाचा दंड वसूल करू नये. झालेल्या खर्चावर निवाडा मागितला तर पुढच्या वर्षी तो खर्च दिसणार नाही एवढंच होईल.

सावधान: 'मी माझ्या पगारातून देते' किंवा 'घर माझ्या पैशावर चालतं' ही वाक्यं आली की बैठक थांबवा. ती बोलायला बंदी म्हणून नव्हे. तो वेगळाच प्रश्न आहे. तुमच्या घरात कोणता पैसा एकत्र आणि कोणता स्वतःचा हे ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. आधी ते ठरवा, मग इथे परत या.

## ५. एक रक्कम नव्हे, तीन ओळी लिहा

बहुतेक घरांत सगळं एकाच रकमेत कोंबलं जातं आणि म्हणून ती रक्कम सतत अपुरी ठरते. तीन वेगळ्या ओळी करा.

नियमित ओळ. तुटीएवढी किंवा त्यातला तुम्हाला झेपणारा भाग. उदाहरणात ७.

अडीअडचणीचा निधी. मागच्या वर्षी अचानक गेलेल्या पैशांची बेरीज करून बाराने भागा. तिच्या बाबतीत दुखणं १८ आणि फोन ६, मिळून २४, म्हणजे महिन्याला २. हे दोघांना दिसेल अशा वेगळ्या खात्यात साठवायचे, आईवडिलांना पाठवायचे नाहीत. नियम साधा: निधीतून खर्च करताना जोडीदाराला विचारावं लागत नाही, त्याच दिवशी सांगावं लागतं. निधीबाहेरचा खर्च आधी विचारल्याशिवाय नाही. पहिल्या काही महिन्यांत निधी भरलेला नसतो, तेव्हा बचतीतून सुरुवातीलाच सहा महिन्यांची भर टाकता आली तर बघा. नाहीतर पहिलंच आजारपण ठरलेलं सगळं मोडून टाकतं.

मुदतीची ओळ. भावाची फी, जुना हप्ता, घराची दुरुस्ती, असं ज्याला शेवट आहे ते. उदाहरणात भावाची फी महिन्याला १, आणि शेजारी ती संपण्याचा महिना लिहिलेला. शेवटचा महिना न लिहिलेली मदत कधीच संपत नाही, आणि दुसऱ्याचा विश्वास बहुधा इथेच तुटलेला असतो.

भेटवस्तू तिने आपल्या हातखर्चाच्या ६ मधून करायच्या ठरवल्या. तिथे हिशोब द्यायचा नाही, म्हणजे तिच्या मायेला कुणाची सही लागत नाही. जाण्या-येण्याचा खर्च घरखर्चात गेला, कारण बहुतेक वेळा दोघंही जात होते.

बेरीज: ७ + २ + १ = १०. आधी नकळत १२ जात होते. बचत १० वरून जवळपास १२ वर आली. त्याला हवी होती तेवढी नाही, तिला द्यायचं होतं तेवढंही नाही. पण आकडा दोघांना माहीत होता.

इथे एक प्रश्न हटकून येतो: माझ्या आईवडिलांना काहीच लागत नाही, मग त्यांनाही १० पाठवायचे का? समान रक्कम हा न्याय वाटतो, पण त्याने गरज नसलेल्या घरी पैसा जातो आणि गरज असलेल्या घरी कमी पडतो. समान ठेवायचा तो नियम: दोन्ही बाजूंच्या आईवडिलांची तूट याच पद्धतीने काढली जाईल, आणि उद्या त्यांच्यावर वेळ आली तर हाच कागद त्यांच्यासाठी उघडेल. हे वाक्य लिहून ठेवा. दुसऱ्याला बहुतेक वेळा एवढीच हमी हवी असते.

## ६. आपल्या आईवडिलांशी आपणच बोला

बदल कळवायचं काम पाठवणाऱ्याचं, आणि तेही 'आम्ही ठरवलं' या शब्दांत. 'तो नको म्हणतो', 'तिला आवडत नाही' असं एकदा जरी निघालं तरी पुढची कित्येक वर्षं जावई किंवा सून त्यांच्या लेखी खलनायक राहते. मरे बोवेन या कुटुंबचिकित्सकांनी ज्याला त्रिकोण म्हटलं ते हेच: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. तात्पुरतं हलकं वाटतं, मूळ ताण तसाच राहतो.

रक्कम कमी होणार असेल तर तीन महिने आधी सांगा आणि काय मिळणार आहे ते आधी सांगा. तिने आईला सांगितलं, "आई, पुढच्या तिमाहीपासून दर महिन्याला सात येतील. पण बाबांच्या दुखण्यासाठी आम्ही दोघांनी वेगळे पैसे ठेवलेत, त्यासाठी तुला कुणाकडे मागायला लागणार नाही." आईने विचारलं, "जावईबापूंना माहीत आहे ना?" ती म्हणाली, "त्यांनीच सुचवलं वेगळं खातं." ते खरं होतं. खरं नसेल तर असलं श्रेय देऊ नका, पुढे उघडं पडतं.

आईवडील थेट तुमच्या जोडीदाराला फोन करून गाऱ्हाणं सांगू लागले तर जोडीदाराने एकच वाक्य म्हणायचं: "मी त्यांना तुम्हाला फोन करायला सांगतो." आणि विषय तिथे सोडायचा.

भावंडं असतील तर त्यांच्याशी याच सुमारास बोला, आईवडिलांसमोर नव्हे. तुटीचा कागद पाठवा आणि 'यातलं तू काय उचलू शकशील' असं विचारा. पैसे न देणारं भावंड दवाखान्याच्या फेऱ्या करत असेल तर ती वाटणीच आहे, ती मोजा. आणि भावंड काहीच करणार नसेल तर त्याच्यावरचा राग जोडीदारासमोर रोज काढू नका. 'मग आपणच का?' हा प्रश्न तुम्हीच त्याच्या हातात देता.

## ७. पहिले तीन महिने

नियमित रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाईल अशी सोय करा. दर महिन्याला हाताने पाठवलं की दर महिन्याला निर्णय नव्याने घेतल्यासारखं होतं आणि तेवढ्याच वेळा वाद होऊ शकतो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं निधीच्या खात्याकडे बघा. बाकीच्या दिवशी हा विषय काढायचा नाही, टोमण्यातही नाही.

तीन महिन्यांनी पहिली फेरतपासणी, मग वर्षातून एकदा. मधे फक्त तीन कारणांनी कागद उघडायचा: कुणाची नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, किंवा घरात मूल येणार असेल.

ठरलेलं मोडतंय हे कसं ओळखायचं? पाठवणारा फोनवर आईवडिलांशी बोलताना दुसऱ्या खोलीत जाऊ लागला, की निधीबाहेर काहीतरी चाललं आहे असं समजा. दुसरा प्रत्येक घरगुती खरेदीवर 'तिकडे दिले नसते तर' म्हणू लागला, की त्याने मनापासून होकार दिला नव्हता. दोन्ही वेळी आरोप न करता पहिल्या टप्प्यावरचे दोन प्रश्न पुन्हा लिहा. बऱ्याचदा उत्तरं बदललेली असतात.

## ही पद्धत कुठे लागू करू नये

जोडीदार तुमचा पगार ताब्यात घेत असेल, आईवडिलांशी बोलण्यावरच बंदी घालत असेल, खर्चाच्या कारणाने धमकावत किंवा मारत असेल, तर हा हिशोबाचा वाद नाही. आपले सगळे कागद त्याच्यासमोर उघडे करणं अशा वेळी धोक्याचं ठरू शकतं. विश्वासातल्या माणसाशी, समुपदेशकाशी किंवा वकिलाशी आधी बोला.

तसंच पाठवणाऱ्याने घरच्यांसाठी जोडीदाराला न सांगता कर्ज काढलं असेल किंवा कुणाला जामीन राहिला असेल, तर वरचे टप्पे नंतर. आधी ते कर्ज किती, कोणाचं, कोणत्या तारखेला काय देणं आहे, एवढं एका बैठकीत सांगून टाका. नंतर सावकाराच्या फोनमधून कळलं तर जोडीदार पुढचा कुठलाच कागद खरा मानणार नाही.